कॅपॅसिटर बसवला आणि पीएफ ०.७० वरून ०.४८ वर आला, असं कसं?

सातपूरचा_टर्नर

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरमध्ये आमचं छोटं मशिन शॉप आहे. ३ एचपीचे दहा लेथ, १० एचपीच्या दोन पॉवर प्रेस, १५ एचपीचा काँप्रेसर, ५ एचपीचा सरफेस ग्राइंडर आणि ड्रिल, हॅक-सॉ वगैरे किरकोळ. एकूण ७५ एचपी. एकच शिफ्ट, सकाळी ९ ते संध्याकाळी ७-८.

आमचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पीएफ, पॉवर फॅक्टर, कमी झाला की युनिट जास्त लागतात. दोन महिन्यांपूर्वीच्या बिलात ६२०० केडब्ल्यूएच आणि लॅगचे ६३२० होते, केव्हीएएच ८८५३ पडले आणि पीएफ ०.७०. नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं, "२५ केव्हीएआरची कॅपॅसिटर बँक टाका, पीएफ ०.९८ होईल." ५ केव्हीएआरचे पाच डबे एका पेटीत बसवले, मेन स्विचच्या खालच्या बसबारवर एमसीबी टाकून जोडले. चोवीस तास चालू.

या महिन्याचं बिल आलं तर केडब्ल्यूएच ६१८०, म्हणजे काम तेवढंच. केव्हीएएच मात्र १२,८५३ आणि पीएफ ०.४८. इलेक्ट्रिशियन म्हणतो मीटर खराब आहे, तपासणीचा अर्ज करा. डबे बसवणारा म्हणतो २५ पुरत नाही, ४० टाका. नेमकं काय झालं आहे? मीटर तपासायला द्यावा का?

भोसरीवाला_सचिन

४० अजिबात टाकू नका. आधी बिलाचं दुसरं पान बघा. आरकेव्हीएएच लॅग आणि लीड असे दोन आकडे वेगळे छापलेले असतील. लीडचा आकडा इथे टाका, मग बोलू.

गृहिणी_अनघा

माझ्याही घरी बिल फार येतंय. बाजारात प्लगमध्ये लावायचा एक डबा मिळतो, त्याने पॉवर फॅक्टर सुधारून बिल निम्मं होतं म्हणे. तो घ्यावा का? आमच्याकडे दोन एसी आणि एक फ्रीज आहे.

भोसरीवाला_सचिन

अनघाताई, घरगुती बिल केडब्ल्यूएचवर येतं, पीएफ त्यात धरतच नाहीत. त्या डब्यात छोटा कॅपॅसिटर आणि एक दिवा असतो. बिलात फरक पडणार नाही, पैसे वाचवा. टर्नरभाऊंचा प्रश्न वेगळा आहे, त्यांच्या बिलात पीएफचे पैसे खरोखर लागतात.

सातपूरचा_टर्नर

सचिनभाऊ, बघितलं. लॅग ७९० आणि लीड १०,४८०. आधीच्या बिलात लीड शून्य होता.

पॅनेलकाका

मीटर ठणठणीत आहे. तुमचे डबेही ठणठणीत आहेत, किंबहुना ते फार चांगले चालले आहेत, म्हणूनच हे झालं.

मोटर चालू असते तेव्हा तिला चुंबकत्वासाठी करंट लागतो. त्याने काम होत नाही, तरी तो वायरीतून येतो-जातो. मीटर त्याला लॅगमध्ये मोजतो. कॅपॅसिटर नेमका त्याच्या उलटा करंट देतो, त्यामुळे मोटरची गरज शेडमध्येच भागते आणि बाहेरून येणारा कमी होतो. इथपर्यंत इलेक्ट्रिशियन बरोबर आहे. पण रात्री ८ वाजता सगळ्या मोटरी बंद झाल्या, कॅपॅसिटर चालूच. आता त्याचा करंट घ्यायला शेडमध्ये कुणीच नाही, तो मीटरमधून बाहेर लाइनवर जातो आणि लीडमध्ये मोजला जातो. आपल्याकडे बिल काढताना लॅग आणि लीड एकमेकांतून वजा करत नाहीत, बेरीज करतात:

`kVAh = √(kWh² + (lag + lead)²)`

तुमचे आकडे घाला. ७९० आणि १०,४८० मिळून ११,२७०. त्याचा वर्ग, ६१८० चा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ घेतलं की १२,८५३ येतात. बिलाशी तंतोतंत जुळतं. मीटर तपासणीचा अर्ज करून काही हाती लागणार नाही.

आता दिवसाचा हिशेब बघा. महिन्याला साधारण २६० तास काम धरलं तर सरासरी लोड २४ किलोवॉट आणि लॅगही जवळपास तेवढाच, २४ केव्हीएआर. ०.९८ करायला साधारण २० केव्हीएआर लागतात. म्हणजे २५ ची निवड जवळपास बरोबर होती. चूक आकड्यात नाही, चोवीस तास चालू ठेवण्यात आहे. महिन्याच्या ७२० तासांपैकी २६० तास त्याची गरज होती, उरलेले ४६० तास तो नुसता लीड बनवत बसला.

इचलकरंजी_माग

काका, आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. आमच्या शेडमध्ये मागाच्या एकेक एचपीच्या मोटरी, मागाची संख्या भरपूर. मागाला साप्ताहिक सुट्टी असली तरी बँक चालूच राहायची. पूर्वी लीड फारसा कुणी बघायचं नाही, २०१८ नंतर बिलात दिसू लागला तेव्हा गावातल्या बऱ्याच शेडवाल्यांची धावपळ उडाली.

कापसे_बेळगाव

मला हे पटत नाही. माझ्याकडे बेळगावात तीन वर्षं फिक्स बँक आहे, रात्री चालूच असते, पीएफ ०.९९ येतो. कॅपॅसिटर मोटरीच्या शेजारी लावला की काही होत नाही. शिवाय कॅपॅसिटर लावल्यावर माझे युनिट पंधरा टक्के कमी झाले, म्हणजे मीटरही हळू चालतो.

पॅनेलकाका

कापसेभाऊ, तुमचा पीएफ ०.९९ येत असेल, मी खोटं म्हणत नाही. काही मीटर असे सेट केलेले असतात की लीड असला तर पीएफ एक धरायचा. तुमच्या बिलात लीडचा रकाना आहे का, एवढं एकदा बघा. रकाना असेल आणि तो भरलेला असेल, तर सावध राहा, कारण नियम बदलला की एकाच महिन्यात कळतं.

युनिटचं म्हणाल तर, तुम्ही कोणते युनिट बघता त्यावर आहे. केडब्ल्यूएच कॅपॅसिटरने जवळजवळ बदलत नाहीत. मीटरपासून डब्यापर्यंतच्या वायरी थोड्या कमी तापतात, तेवढाच फरक, आणि छोट्या शेडमध्ये तो किरकोळ असतो. पण बिल केव्हीएएचवर असेल तर बिलातले युनिट नक्की कमी होतात. टर्नरभाऊंचं काम तेच ठेवून पीएफ ०.९८ झाला तर ८८५३ चे ६३२७ होतील. वीज वाचली नाही, पण पैसे वाचले.

सातपूरचा_टर्नर

काका, बेरीज जुळली तरी खात्री करायची होती. काल रात्री ८ वाजता शेड बंद करताना मीटरचं बटण दाबत दाबत लीडचं रीडिंग घेतलं, सकाळी ९ वाजता परत घेतलं. १३ तासांत ३०८ वाढले. मीटरचा गुणक, एमएफ, १ आहे. रात्री व्होल्टेज ४३० दिसत होतं.

पण यातून एक शंका आली. ३०८ भागिले १३ म्हणजे २३.७. डबे २५ चे आहेत, मग उरलेलं कुठे गेलं? डबे कमी क्षमतेचे दिले का?

पॅनेलकाका

उत्तम, असंच मोजायचं असतं. नाही, डबे पूर्ण आहेत. डब्यावर ४४० व्होल्ट लिहिलेलं असेल. २५ केव्हीएआर हे ४४० व्होल्टला मिळतात. व्होल्टेज कमी झालं की वर्गाच्या प्रमाणात कमी मिळतात. ४३० ला २३.९, तुमचं रीडिंग २३.७. यापेक्षा छान जुळणी मागून मिळत नाही. दिवसा ४१५ असेल तर २२.२ च मिळतात.

आजच्या आज एक करा, शेड बंद करताना त्या पेटीचा एमसीबी पाडा. पुढच्या महिन्यातला मोठा भाग तेवढ्याने वाचेल.

निलेश_ऑटोमेशन

एमसीबी रोज हाताने कशाला? टाइमर लावा. ९ ला चालू, ८ ला बंद. हजार-बाराशेत काम होतं, कायमचा प्रश्न मिटला.

मंजिरी_अकाउंट्स

निलेशदादा, आमच्या प्रेसिंग युनिटमध्ये टाइमर होता, मी बिलं बघते म्हणून सांगते. रात्रीचा लीड गेला, पण पूर्ण गेला नाही. जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि ज्या दिवशी माल नसतो आणि चारच मशिन चालतात तो दिवस. टाइमरला हे काही कळत नाही. शिवाय लाइट जाऊन आली की टाइमरचं घड्याळ मागे पडायचं आणि सगळं सरकायचं. बॅटरीचा टाइमर घेतल्यावर ते थांबलं, पण सुट्टीचा दिवस राहिलाच.

पॅनेलकाका

मंजिरीताईंचं बरोबर आहे. टाइमर तात्पुरता चालेल. कॅपॅसिटरने मोटरीबरोबर चालू व्हावं आणि मोटरीबरोबर बंद व्हावं, हे खरं उत्तर. ते दोन रीतींनी करता येतं. एक, प्रत्येक मोठ्या मोटरीला तिचा स्वतःचा कॅपॅसिटर. दुसरी, एपीएफसी पॅनेल, ज्यात रिले शेडचा पीएफ बघून डबे आत-बाहेर करतो. दहा लेथ, दोन प्रेस असलेल्या शेडला दोन्हींची थोडी-थोडी सांगड बरी पडते.

भोसरीवाला_सचिन

प्रत्येक मोटरीला लावताना डबा मोठा झाला तर धोका असतो, हे सांगा काका. आमच्याकडे एका फॅनच्या मोटरीला कुणीतरी मोठा डबा जोडला होता, बंद केल्यावरही मोटर काही क्षण विजेवर असल्यासारखी होती आणि वायरमनला झटका बसला.

पॅनेलकाका

हो, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पुरवठा तोडला तरी मोटर जडत्वाने फिरत असते. टर्मिनलला कॅपॅसिटर जोडलेला असेल तर तो तिला चुंबकत्व पुरवत राहतो आणि मोटर जनरेटर होते. डबा मोठा असेल तर टर्मिनलला लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून मर्यादा अशी की, मोटर रिकामी चालवून टाँग टेस्टरने करंट घ्यायचा आणि कॅपॅसिटरचा करंट त्याच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. १५ एचपीची मोटर रिकामी साधारण ८ ते ९ अँपिअर घेते. ८.५ धरा, ४१५ व्होल्टला त्याचे ९० टक्के म्हणजे साडेपाच केव्हीएआर. म्हणजे ५ चा डबा बसतो. ग्राइंडरच्या ५ एचपीला २. लेथच्या ३ एचपीला १, फार तर दीड. एचपी बघून अंदाज करू नका. त्याच एचपीची जुनी, दोनदा रिवाइंड केलेली मोटर वेगळा आकडा दाखवते. प्रत्येकाचा रिकामा करंट मोजा.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. कॅपॅसिटर स्टार्टरच्या ओव्हरलोड रिलेच्या पुढे, मोटरीच्या बाजूला जोडला की रिलेला कमी करंट दिसतो. ग्राइंडर भर लोडवर साडेसात अँपिअर घेतो असं धरा, पीएफ ०.८. २ केव्हीएआर जोडल्यावर रिलेमधून सव्वासहाच जातात. रिले साडेसातवर तसाच ठेवला तर मोटर जळायला येईल तरी रिले सुटणार नाही. रिलेचं सेटिंग नव्याने मोजून खाली आणायचं, नाहीतर डबा रिलेच्या आधी जोडायचा.

सातपूरचा_टर्नर

काका, काँप्रेसरला स्टार-डेल्टा स्टार्टर आहे. प्रेसलाही. तिथे कुठे जोडायचा?

पॅनेलकाका

स्टार-डेल्टाला मोटरीच्या टर्मिनलवर अजिबात नाही. स्टारमधून डेल्टात जाताना क्षणभर मोटर सुटते, तेवढ्यात कॅपॅसिटर तिला जिवंत ठेवतो आणि लाइन परत जोडली जाते तेव्हा दोन्हींचा ताल जुळत नाही, मोठा धक्का बसतो. काँटॅक्टरची टोकं जळतात, कधी शाफ्टलाही मार बसतो.

तिथे डब्याला स्वतःचा काँटॅक्टर द्या, लाइनच्या बाजूने. त्याची कॉइल डेल्टा काँटॅक्टरच्या जादाच्या टोकावरून घ्या. मोटर डेल्टात आल्यावर डबा आत येतो, मोटर बंद झाली की बाहेर जातो. काँटॅक्टर मात्र कॅपॅसिटर ड्युटीचा घ्या, ज्याला आधी रेझिस्टन्समधून जोडणारी छोटी टोकं असतात. साध्या काँटॅक्टरची टोकं डबा आत येतानाच्या करंटने चिकटतात. एकदा चिकटलं की डबा परत चोवीस तास चालू, आणि तुम्हाला बिल येईपर्यंत कळत नाही.

इचलकरंजी_माग

चिकटलेला काँटॅक्टर हा आमचा नेहमीचा शत्रू. आम्ही आता दर सोमवारी शेड बंद असताना पॅनेलच्या इनकमरवर, म्हणजे आत येणाऱ्या मुख्य केबलवर, टाँग टेस्टर लावतो. सगळं बंद आणि तरी १२-१३ अँपिअर दिसले म्हणजे एखादा १० चा डबा आत अडकलेला आहे.

याच्या उलटही होतं. डबे मरतात. बाहेरून डबा छान दिसतो, आतून क्षमता गळालेली असते. १० केव्हीएआर, ४४० व्होल्टचा डबा ४१५ ला प्रत्येक फेजला सव्वाबारा-साडेबारा अँपिअर घ्यायला हवा. आमच्या एका डब्याच्या दोन फेजना बारा आणि तिसऱ्याला सात होते. त्याच्या बाजूचा डबा वरून फुगला होता, झाकण डोंगरासारखं वर आलेलं. फुगलेला डबा हात न लावता आधी लाइन तोडा, थोडं थांबा, मल्टिमीटरने टोकांवर व्होल्टेज बघा, मगच सोडा. डिस्चार्ज रेझिस्टन्स तुटलेला असेल तर डबा चार्ज धरून ठेवतो.

मंजिरी_अकाउंट्स

मला बिलातूनच कळतं हे. लॅगचा आकडा दोन-तीन महिने हळूहळू वाढत गेला आणि काम तेवढंच असलं, तर डबा गेला. लीड एकदम उसळला तर काँटॅक्टर चिकटला. आमचे वायरमन काका म्हणतात, ताई बिल बघून निदान करतात. पण सरळ आहे ना, दोन रकाने शेजारी शेजारी दर महिन्याला लिहून ठेवले की दिसतं.

निलेश_ऑटोमेशन

बरं, मग एपीएफसी घ्या, सगळे डबे त्यात. रिले सगळं बघतो. २५ केव्हीएआरचं पॅनेल तयार मिळतं. प्रत्येक मोटरीला वेगळं वायरिंग कशाला?

पॅनेलकाका

एकट्या एपीएफसीनेही टर्नरभाऊंचं काम होईल, तो मार्ग चुकीचा नाही. माझा कल काँप्रेसरला वेगळा डबा देण्याकडे आहे कारण तो सतत चालतो, त्याचा हिशेब ठरलेला आहे, आणि रिलेची एक चालू-बंद कमी होते. बाकीचे चार डबे पॅनेलमध्ये. म्हणजे नवे डबे घ्यायलाच नकोत, हातात असलेले पाचही वापरले जातात. फक्त चार कॅपॅसिटर ड्युटी काँटॅक्टर, फ्यूज, एक रिले आणि रिलेला करंट दाखवणारा एक सीटी.

५ ची पायरी थोडी मोठी आहे असं कुणी म्हणेल. रिले साधारणपणे पायरीच्या दोन-तृतीयांश एवढी कमतरता दिसेपर्यंत थांबतो, म्हणजे तीनेक केव्हीएआर बाकी राहतात. २४ किलोवॉटवर तीन केव्हीएआर म्हणजे पीएफ ०.९९. सकाळी चारच मशिन चालू असतील तेव्हा ०.९५ दिसेल, त्याने काही बिघडत नाही. एकच्या मागे धावू नका. महिन्याला ०.९८ चं ०.९९ केलं तर ६३-६४ युनिटचा फरक, आणि त्यासाठी रिले दिवसभर टकटक करत राहिला तर काँटॅक्टर लवकर जातात.

सीटीच्या जागेवर मात्र नजर ठेवा. सीटी इनकमरवर अशा जागी हवा की लोड आणि डबे दोघांचाही करंट त्यातून जाईल. डब्यांच्या फाट्याच्या पुढे, फक्त लोडवर बसवला तर रिलेला आपण काय केलं ते दिसतच नाही, तो डबे टाकत जातो. एक-सीटीच्या रिलेला सीटी आर फेजवर असेल तर व्होल्टेज वाय आणि बी मधून द्यायचं. उलटसुलट झालं तर रिले लॅगला लीड समजतो. ओळखायचं कसं? एक डबा हाताने आत घ्या. मोटरी चालू असताना इनकमरचा करंट कमी व्हायला हवा आणि रिलेवरचा पीएफ वर जायला हवा. करंट कमी झाला पण रिलेवरचा आकडा बिघडला, तर सीटी किंवा फेज चुकलेली आहे. पॅनेल बसवणारा हे तुमच्यासमोर करून दाखवत नसेल तर पैसे देऊ नका.

चाकण_फॅब्रिकेटर

आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. आम्ही छतावर सोलर बसवलं. आधी पीएफ ०.९० होता, सोलर आल्यापासून ०.६ दाखवतो. काम, मशिन सगळं तेच. सोलरवाले म्हणतात त्यांचा काही संबंध नाही.

भोसरीवाला_सचिन

संबंध आहे ताई, दोष नाही. तुमचे केडब्ल्यूएच आता सोलरमधून येतात म्हणून लाइनवरचे कमी झाले. चुंबकत्वाचा करंट सोलर देत नाही, तो पूर्वीएवढाच लाइनवरून येतो. केडब्ल्यूएच घटले, लॅग तेवढाच राहिला, म्हणून पीएफ पडला. काही इन्व्हर्टरना केव्हीएआर द्यायचं सेटिंग असतं, ते विचारून बघा. नाहीतर डबे वाढवावे लागतील, आणि दुपारी व संध्याकाळी गरज वेगळी पडेल म्हणून ऑटोमॅटिकच हवं.

कापसे_बेळगाव

मी बिल काढलं. लीडचा रकाना आहे आणि तो भरलेला आहे, साडेसात हजार. पण पीएफ ०.९९ च लिहिलाय. काकांचं म्हणणं बरोबर निघालं, आमचा मीटर लीड धरत नाही. तरी आता रात्री बंद करायला सुरुवात करतो, उगाच कशाला. बाकी मोटरीशेजारी डबा लावला की वायर कमी तापते, एवढं तरी मानाल.

पॅनेलकाका

ते बरोबरच आहे कापसेभाऊ, मेनवर लावलेल्या डब्याने मीटरपासून मेनपर्यंतचाच करंट कमी होतो, शेडमधल्या लांब केबलचा होत नाही. काँप्रेसर टोकाला असेल तर डबा तिथेच लावण्यात तो फायदा आहे.

सातपूरचा_टर्नर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. आतापर्यंत काय केलं ते सांगतो.

पेटी रोज रात्री बंद करतो, रात्रीचा लीड शून्य आहे, रीडिंग घेऊन पाहिलं. एक डबा काँप्रेसरजवळ नेला, डेल्टाच्या टोकावरून काँटॅक्टर चालवला. उरलेल्या चारसाठी पॅनेलचं कोटेशन घेतोय, तोवर दिवसा हातानेच चालू-बंद. काल सकाळी सगळी मशिन्स चालू असताना इनकमरवर ४८ अँपिअर होते, पाचही डबे घेतल्यावर ३५ झाले.

हे करताना एक दिसलं. लेथला क्लच आहे. कारागीर जॉब बसवताना, व्हर्नियर लावून माप घेताना, टूलला धार लावायला जाताना क्लच सोडतो पण मोटर चालूच ठेवतो. एका लेथवर टाँग लावली, कटिंग करताना ३.६ अँपिअर, क्लच सोडल्यावर २.५. काम थांबलं तरी करंट फारसा उतरत नाही. पीएफ पडण्याचं हेच एक मोठं कारण दिसतंय. लेथ लांब वेळ रिकामा असेल तर मोटरच बंद करा असं पोरांना सांगितलं, पण पटापट बंद-चालू केल्याने स्टार्टर खराब होतो असं ते म्हणतात.

पॅनेलकाका

अचूक पकडलंत. क्लच सोडल्यावर राहणारे ते अडीच अँपिअर जवळपास सगळे चुंबकत्वाचे आहेत, त्या वेळी त्या मोटरीचा पीएफ ०.२ च्या आसपास असतो. दहा मिनिटांच्या वर रिकामं राहणार असेल तर बंद करणं चांगलं, ३ एचपीच्या थेट स्टार्टरला त्याचं काही वाटत नाही. माप घेण्यापुरतं दर मिनिटाला चालू-बंद करू नये, पोरांचं तेवढं खरं आहे.

इचलकरंजी_माग

पॅनेलचं कोटेशन घेताना एक विचारून घ्या. पुढे व्हीएफडीवाला, म्हणजे मोटरीचा वेग बदलणारा ड्राइव्ह असलेला काँप्रेसर किंवा सीएनसी घ्यायचा विचार आहे का? आमच्या शेजारच्या शेडमध्ये रॅपियर माग आले आणि त्यांचे साधे डबे वर्षभरात गरम होऊन फुगायला लागले.

सातपूरचा_टर्नर

सीएनसी टर्निंग सेंटर घ्यायचा विचार आहे, दिवाळीनंतर. त्याने फरक पडतो?

पॅनेलकाका

पडतो. ड्राइव्ह लाइनमध्ये हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले करंट, सोडतात आणि कॅपॅसिटर ते ओढून घेतो. त्यावर उपाय म्हणजे डब्यांच्या आधी ७ टक्क्यांचा रिॲक्टर, पण मग डबे ४४० चे चालत नाहीत, ४८० किंवा ५२५ चे लागतात, कारण रिॲक्टरमुळे डब्यावर व्होल्टेज वाढतं. म्हणजे तुमचे आत्ताचे पाचही डबे तिथे बाद. ड्राइव्हच्या मोटरीच्या बाजूला तर कॅपॅसिटर कधीच नाही, ड्राइव्ह जाईल.

एक सीएनसी आणि बाकी सगळ्या साध्या मोटरी असतील तर मी आत्ता रिॲक्टरचा खर्च करणार नाही.

निलेश_ऑटोमेशन

मी करेन. पॅनेल एकदा बनवल्यावर आत रिॲक्टरला जागा नसते, परत सगळं उघडायचं. निदान मोठी पेटी तरी घ्या.

पॅनेलकाका

मोठ्या पेटीला माझी हरकत नाही. पण सीएनसी आल्यावर एक दिवस अॅनलायझर भाड्याने आणून करंटमधले हार्मोनिक्स मोजा आणि डब्यांचा करंटही बघा. ५ चा डबा ४१५ ला सव्वासहा अँपिअर घ्यायला हवा. तो साडेसात-आठ घेताना दिसला तर रिॲक्टर लागणार हे नक्की. आकडा हातात आल्यावर ठरवू, त्याआधी नाही.

सातपूरचा_टर्नर

मोठी पेटी घेतो. बिल आलं की लॅग आणि लीड दोन्ही आकडे इथे टाकतो.